आरएसए हाताशी असताना एईएस कशाला? दोन्ही पद्धती एकत्र वापरण्यामागचे खरे कारण काय?

चौकस

एका परिचितांना मला साधारण ४ मेगाबाइटचे एक छायाचित्र इतर कोणालाही वाचता येणार नाही अशा रीतीने पाठवायचे होते. त्यांनी आपली २०४८ बिटांची आरएसए पब्लिक की, म्हणजे मजकूर बंद करण्यासाठी कोणालाही देता येणारी किल्ली, मला आधीच दिलेली होती, म्हणून मी सरळ पुढील आज्ञा दिली.

```
openssl pkeyutl -encrypt -pubin -inkey pub.pem -in photo.jpg -out photo.enc
```

उत्तरादाखल `data too large for key size` एवढेच पदरात पडले. थोडी शोधाशोध केल्यावर सर्वत्र एकच सल्ला दिसला, तो असा की आरएसए संथ आहे, फाइल एईएस या एकाच सामायिक किल्लीवर चालणाऱ्या पद्धतीने बंद करावी आणि फक्त एईएसची किल्ली आरएसएने बंद करावी.

सल्ला मान्य आहे, पण कारण पटत नाही. डिफी आणि हेलमन यांचा लेख १९७६ सालचा. आधी गुपित वाटून घेण्याची गरज नसलेली पद्धत तेव्हापासून आपल्या हाती असेल, तर ज्या पद्धतीत दोघांकडे एकच गुपित लागते ती आजही प्रत्येक जोडणीत का घुसवलेली असते? प्रश्न केवळ वेगाचा असेल, तर संगणक पुरेसे वेगवान झाल्यावर एईएस निवृत्त होईल का?

---

बिनतारी

कारण वेगाचेच आहे, त्यात गूढ काही नाही. आरएसएमध्ये अवाढव्य संख्यांचे घातांक काढावे लागतात, तर एईएसमध्ये १६ बाइटांच्या ठोकळ्यावर ठरावीक अदलाबदली होतात आणि त्यासाठी आजच्या प्रोसेसरांत स्वतंत्र सूचनाही असतात. म्हणूनच ब्राउझर एक एईएस किल्ली तयार करतो, ती सर्व्हरच्या पब्लिक कीने बंद करून धाडतो आणि पुढचा सगळा संवाद त्या किल्लीने चालतो. वेगाची अडचण नसती, तर ब्राउझरने सर्व्हरच्या पब्लिक कीने लिहिले असते, सर्व्हरने फक्त स्वतःकडे असलेल्या प्रायव्हेट कीने बंद करून उत्तर दिले असते, आणि एईएसचे नावही निघाले नसते.

---

अबोली

एवढा खटाटोप कशासाठी? फाइल झिप करून तिला पासवर्ड लावावा आणि पासवर्ड फोनवर सांगावा. शिवाय एईएस २५६ बिटांचे आणि आरएसए २०४८ बिटांचे, म्हणजे आरएसए आठपट भक्कम ठरते. मग भक्कम वस्तूची किल्ली कमकुवत वस्तूसाठी वापरण्यात काय हशील आहे, हे मला कळलेले नाही.

---

गणिती

अबोली, या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. एईएसची २५६ बिटांची किल्ली शोधायची तर एकेक शक्यता तपासत बसण्यापेक्षा फारसा चांगला मार्ग आजवर कोणाला सापडलेला नाही. आरएसए फोडणाऱ्याला मात्र सगळ्या शक्यता तपासाव्या लागत नाहीत. त्याला मोठ्या संख्येचे अवयव पाडायचे असतात आणि त्यासाठी बरेच हुशार मार्ग उपलब्ध आहेत. म्हणून २०४८ बिटांच्या आरएसएचे बळ साधारण ११२ बिटांच्या सिमेट्रिक, म्हणजे एईएससारख्या सामायिक किल्लीएवढे धरतात, आणि १२८ बिटांची बरोबरी करायची तर आरएसए ३०७२ बिटांवर न्यावे लागते. तुमच्या मांडणीतला भक्कम आणि कमकुवत हा क्रम प्रत्यक्षात उलटा आहे.

---

उंटावरचा_शहाणा

फोनवर पासवर्ड सांगणे हीच तर मूळ अडचण आहे. अबोलीताईंनी ती एका वाक्यात सोडवली आणि १९७६ च्या त्या लेखाची गरजच संपवली.

---

तारायंत्र

बिनतारी यांचे पहिले वाक्य अर्धे बरोबर आहे आणि शेवटचे पूर्ण चूक आहे. चौकस यांची फाइल हाताशी आहेच, तर तिच्यावरच हिशोब करून पाहू.

२०४८ बिट म्हणजे २५६ बाइट. आरएसएच्या एका क्रियेत याहून मोठी संख्या मावत नाही. त्यातही संदेश जसाच्या तसा भरणे धोक्याचे असल्यामुळे यादृच्छिक भर घालावी लागते. ओएईपी ही भरण्याची पद्धत एसएचए-२५६ सोबत वापरली, तर तुमच्या मजकुरासाठी १९० बाइट उरतात. आता हट्टाने संपूर्ण छायाचित्र आरएसएनेच बंद करायचे ठरवले, तर ४० लाख बाइटांचे २१,०५३ तुकडे होतील. प्रत्येक तुकडा बंद झाल्यावर २५६ बाइटांचा होत असल्यामुळे फाइल जवळजवळ ५४ लाख बाइटांपर्यंत फुगेल. उलगडताना प्रत्येक तुकड्यासाठी प्रायव्हेट कीची एक क्रिया करावी लागेल. साध्या संगणकाचा एक गाभा अशा क्रिया सेकंदाला दीड-दोन हजारांच्या घरात करतो असे धरले, तर एका छायाचित्रामागे दहा ते चौदा सेकंद जातील. तेच काम एईएस काही मिलिसेकंदांत उरकते. वेगाचे कारण खरे आहे ते एवढ्यापुरते.

आता कल्पना करा की संगणक हजारपट वेगवान झाला आणि ही सेकंदे नाहीशी झाली. तरीही त्या २१,०५३ तुकड्यांची फाइल मी स्वीकारणार नाही. वाटेत बसलेल्या कोणीही पाचशेवा आणि सहाशेवा तुकडा एकमेकांच्या जागी ठेवला, तरी दोन्ही विनातक्रार उलगडतील. त्याने एखादा तुकडा काढून टाकला तरी बाकीचे उलगडतील. सगळ्यांत वाईट म्हणजे त्याने स्वतःचे १९० बाइट लिहून, ते त्याच पब्लिक कीने बंद करून मध्ये घुसवले, तर तो तुकडाही खऱ्या तुकड्यासारखाच उलगडेल. ही किल्ली सर्वांसाठी खुली असते, त्यामुळे तिने बंद केलेल्या तुकड्यावरून तो कोणी बंद केला हे कधीच कळत नाही.

एईएस-जीसीएमसारख्या पद्धतीत मजकुरासोबत १६ बाइटांची पडताळणीची खूण तयार होते. ती खूण किल्ली असणाऱ्यालाच काढता येते, म्हणून एक बिट बदलला तरी उलगडणारा सगळा मजकूर नाकारतो. दोघांनाच ठाऊक असलेले गुपित असल्याशिवाय इतकी स्वस्त पडताळणी होत नाही. नाहीतर तुकड्यागणिक सही करावी लागते आणि क्रमांकही सांभाळावे लागतात. तेव्हा गुपित वाटून घ्यावे लागणे ही सिमेट्रिक पद्धतीची अडचण आहे तशीच ती तिची ताकदही आहे.

---

बिनतारी

पडताळणीचा मुद्दा मान्य आहे. पण माझे शेवटचे वाक्य चूक का ठरते? प्रायव्हेट कीने बंद केलेले पब्लिक कीने उघडते, हे तर आरएसएचे गणितच आहे.

---

तारायंत्र

गणित खरे आहे, पण ज्या किल्लीने उत्तर उघडते ती सर्व्हर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाटत असतो, हे लक्षात घ्या. सर्व्हरने प्रायव्हेट कीने बंद केलेले खातेउतारे वाटेतला कोणीही वाचू शकेल. त्याला गुप्तता म्हणत नाहीत. ती फार तर सही झाली, आणि सहीसाठीही योग्य भर घालून वेगळी पद्धत वापरावी लागते.

सर्व्हरकडून तुमच्याकडे येणारा मजकूर पब्लिक की पद्धतीने झाकायचा असेल, तर तुमचीही पब्लिक की असायला हवी. बहुतेक वाचकांकडे ती नसते, म्हणून एका जोडणीपुरते दोघांचे एक गुपित तयार करणे हाच सरळ मार्ग उरतो.

दुसरी दुरुस्ती अशी, की ब्राउझर एईएस किल्ली बनवून आरएसएने बंद करून पाठवतो हे वर्णन ब्राउझर आणि सर्व्हर यांचा संवाद झाकणाऱ्या टीएलएस या नियमावलीच्या १.२ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांतल्या एका प्रकाराचे आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या टीएलएस १.३ मधून तो प्रकार काढून टाकला आहे. आज दोन्ही टोके १.३ बोलत असतील, तर सर्व्हरच्या प्रमाणपत्रातल्या पब्लिक कीने एक अक्षरही बंद केले जात नाही.

---

अबोली

काहीच बंद होत नसेल, तर प्रमाणपत्र हवेच कशाला? ते तर विकत घ्यावे लागते किंवा दर काही महिन्यांनी नवे करावे लागते.

---

तारायंत्र

या धाग्यातला सर्वांत नेमका प्रश्न हाच आहे. एक जोडणी टप्प्याटप्प्याने पाहू.

ब्राउझर त्या जोडणीसाठी एक यादृच्छिक गुप्त संख्या निवडतो आणि तिच्यावरून काढलेले, एक्स२५५१९ या वक्रावरचे ३२ बाइटांचे मूल्य उघडपणे पाठवतो. सर्व्हरही तसेच करून आपले ३२ बाइट पाठवतो. आपली गुप्त संख्या आणि समोरून आलेले मूल्य एकत्र करून दोघेही एकाच उत्तराला पोहोचतात. वाटेतल्याने दोन्ही मूल्ये पाहिली तरी त्याला ते उत्तर काढता येत नाही. या सामायिक उत्तरातून दोघेही हॅशच्या, म्हणजे कितीही मजकुरातून ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या क्रियेच्या साहाय्याने एईएसच्या किल्ल्या काढतात आणि जाण्याच्या व येण्याच्या दिशेसाठी वेगवेगळ्या किल्ल्या ठेवतात. इथवर दोनच निरोप झालेले असतात आणि सर्व्हरचा पुढचा सगळा मजकूर, अगदी प्रमाणपत्रसुद्धा, झाकूनच येतो.

पण ब्राउझरने हे गुपित नेमके कोणाशी जुळवले, हे अजून ठरलेले नाही. मध्येच कोणी बसून ब्राउझरशी एक आणि सर्व्हरशी दुसरे गुपित जुळवले असेल, तर दोन्ही टोकांना काही कळणार नाही. म्हणून सर्व्हर आतापर्यंतच्या सर्व निरोपांच्या हॅशवर आपल्या प्रमाणपत्राच्या प्रायव्हेट कीने सही करतो. मध्यस्थाने मूल्ये बदलली असतील, तर दोन्हीकडचे हॅश जुळत नाहीत, सही खोटी ठरते आणि जोडणी तिथेच तुटते. प्रमाणपत्राचे काम ओळख पटवण्याचे आहे. गुपित जुळवणे हे तात्पुरत्या किल्ल्यांचे काम, तर मजकूर झाकणे आणि पडताळणे हे एईएसचे.

स्वतः पाहायचे असल्यास पुढील आज्ञा द्यावी.

```
openssl s_client -connect example.org:443
```

उत्तरात `TLS_AES_256_GCM_SHA384` यासारखे नाव दिसेल. त्यात एईएस आहे, हॅश आहे, पण आरएसएचा उल्लेखही नाही, कारण ओळख आणि गुपित जुळवणे या गोष्टी १.३ मध्ये स्वतंत्रपणे ठरतात. काही आवृत्त्यांत तात्पुरत्या किल्लीचीही `X25519, 253 bits` अशी वेगळी ओळ दिसते.

---

पहारेकरी

या सुधारणेचा फटका बसलेला माणूस म्हणून लिहितो. मी ज्या कार्यालयात जाळ्याची देखभाल करतो, तिथे आमच्याच सर्व्हरकडे येणारी रहदारी तपासण्यासाठी एक यंत्र लावलेले होते. सर्व्हरची प्रायव्हेट की त्या यंत्रात भरलेली असल्यामुळे ते कडेला बसून सगळे उलगडत असे आणि काही गडबड दिसताच सूचना देत असे. सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेले आणि सूचना पूर्ण थांबल्या. सुरुवातीला वरिष्ठांना वाटले की हल्लेच थांबले. प्रत्यक्षात यंत्राला हँडशेकचे पहिले दोन निरोप सोडून काहीही वाचता येत नव्हते. पुरवठादाराने तर टीएलएस १.३ बंद करण्याचा सल्ला दिला. सुरक्षेसाठी केलेल्या बदलाने सुरक्षेचेच साधन आंधळे झाले, ही माझी तक्रार आहे आणि ती अजूनही मागे घ्यावीशी वाटत नाही.

---

तारायंत्र

तक्रार समजू शकतो, पण तुमचे यंत्र ज्या दारातून आत पाहत होते तेच दार इतरांसाठीही उघडे होते. जुन्या प्रकारात ब्राउझर गुपित बनवून सर्व्हरच्या कायमस्वरूपी आरएसए कीने बंद करत असे. म्हणजे कोणी वर्षभराची रहदारी नुसती साठवून ठेवली आणि नंतर कधी त्याच्या हाती प्रायव्हेट की लागली, तर ते सगळे वर्ष उलगडते. २०१४ साली ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड हा दोष सापडला, तेव्हा सर्व्हरच्या स्मृतीतून प्रायव्हेट कीसुद्धा बाहेर काढता येते हे सिद्ध झाले होते. तात्पुरत्या किल्ल्या जोडणी संपताच पुसल्या जातात, त्यामुळे पुढे प्रायव्हेट की फुटली तरी आधीचा साठा उलगडत नाही. चोराला फार तर यापुढे तुमचे नाव लावून फसवता येईल, तेही प्रमाणपत्र रद्द होईपर्यंत.

तुमच्या रहदारीत जुना प्रकार उरला आहे का, हे टीएलएस १.२ च्या नावांवरून ओळखता येते. `TLS_RSA_WITH_AES_128_GCM_SHA256` यात तात्पुरती किल्ली नाही. `TLS_ECDHE_RSA_WITH_AES_128_GCM_SHA256` यात ती आहे आणि आरएसए केवळ सहीपुरते आहे. दोन्हींत एईएस तेच, किल्लीची लांबी तीच, तरी साठवलेल्या रहदारीच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

---

पहारेकरी

तर मग मी काय करावे, हेही सांगा.

---

तारायंत्र

जोडणी सर्व्हरच्या पुढ्यातल्या भारवाटपाच्या यंत्रावर उलगडावी आणि तपासणी त्याच्या आतल्या बाजूला करावी. तेवढ्यापुरता दोष शोधायचा असेल, तर ब्राउझरला `SSLKEYLOGFILE` हा परिवेश-चल देऊन त्या सत्राची गुपिते फाइलमध्ये उतरवता येतात आणि वायरशार्कला वाचायला देता येतात. दोन्हींत काम वाढते, हे खरे आहे.

---

गणिती

एका पुस्तीची भर घालतो, कारण तात्पुरत्या किल्ल्या आल्या म्हणजे सगळे साठे सुरक्षित झाले असा समज पसरतो. टीएलएस १.२ मध्ये जोडणी पुन्हा लवकर सुरू व्हावी म्हणून सर्व्हर सत्राचे गुपित स्वतःच्या एका सिमेट्रिक किल्लीने बंद करतो आणि त्याचे तिकीट ब्राउझरकडे देतो. ती तिकिटाची किल्ली सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत बदलतच नसेल, आणि काही सर्व्हर महिनोन्‌महिने बंद होत नाहीत, तर ती फुटताच त्या काळातली तिकिटे असलेली सगळी सत्रे उलगडतात. तात्पुरत्या किल्ल्यांचा सगळा लाभ असा मागच्या दाराने निघून जातो. १.३ मध्ये पुनरारंभाच्या वेळीही नव्याने गुपित जुळवण्याची सोय आहे, पण अगदी पहिल्याच निरोपासोबत जो घाईचा मजकूर पाठवता येतो त्याला हे संरक्षण मिळत नाही.

---

सूक्ष्मयंत्रे

माझे काम छोट्या संवेदक-यंत्रांशी आहे आणि मला हा सगळा पब्लिक की प्रकार अवाजवी वाटतो. प्रत्येक यंत्रात कारखान्यातच एक वेगळी १६ बाइटांची किल्ली भरतो आणि तिची प्रत सर्व्हरवर ठेवतो. यंत्रे एकमेकांशी बोलत नाहीत, फक्त सर्व्हरशी बोलतात. किल्ल्या वाटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही आणि बॅटरीही टिकते.

---

गणिती

तुमची रचना योग्य आहे, कारण तुमच्या जाळ्याला मध्य आहे. १,००० यंत्रांना १,००० किल्ल्या पुरतात. हीच यंत्रे परस्परांशी बोलू लागली, तर प्रत्येक जोडीमागे एक याप्रमाणे ४,९९,५०० किल्ल्या लागतील, आणि जिथे कोण कोणाशी बोलणार हे आधी ठाऊकच नसते तिथे हा हिशोबही करता येत नाही. मध्यावर विश्वास ठेवून केवळ सिमेट्रिक पद्धतीने मोठी जाळी चालवता येतात, कर्बेरॉस ही जाळ्यावर ओळख पटवण्याची पद्धत त्याचेच उदाहरण आहे. मात्र तुमच्या सर्व्हरवरचा किल्ल्यांचा साठा फुटला, तर आजवर साठवलेली सगळी रहदारी उघडी पडेल, हे मान्य करून चालावे लागेल.

---

सूक्ष्मयंत्रे

तापमानाचे जुने आकडे कोणी उलगडले तर उलगडोत. मला खोटे आकडे घुसलेले चालत नाहीत, आणि ते काम एईएसची खूण करतेच.

---

तारायंत्र

सर्व्हरचा साठा फुटल्यावर खोटे आकडेही घुसतील, कारण पडताळणीची किल्ली तीच आहे. प्रत्येक यंत्राची स्वतःची प्रायव्हेट की असती आणि सर्व्हरवर फक्त पब्लिक की असत्या, तर साठा चोरणाऱ्याला यंत्राचे सोंग घेता आले नसते. आता प्रत्येक जोडणीमागे एका सहीइतकी बॅटरी खर्च करणे तुम्हाला परवडते का, ते तुम्हीच ठरवू शकता.

---

सूक्ष्मयंत्रे

सध्या परवडत नाही. दिवसातून एकदाच जोडणी करून ती टिकवता आली, तर पुन्हा हिशोब करून पाहीन.

---

उंटावरचा_शहाणा

क्वांटम संगणक आल्यावर या तात्पुरत्या किल्ल्याही फुटतील म्हणतात. मग पहारेकऱ्यांचे यंत्र पुन्हा पूर्ववत चालू होईल, तोवर ते जपून ठेवावे.

---

गणिती

विनोद बाजूला ठेवला तर मुद्दा गंभीर आहे. शोर यांच्या रीतीने पुरेशा मोठ्या क्वांटम संगणकावर आरएसए आणि एक्स२५५१९ दोन्ही पडतात. एईएसवर मात्र ग्रोव्हर यांच्या रीतीचा परिणाम त्या मानाने सौम्य आहे आणि २५६ बिटांची किल्ली पुरेशी मानली जाते. म्हणजे चौकस यांनी एईएसच्या निवृत्तीबद्दल विचारले होते, पण निवृत्तीची वेळ आधी आरएसएवर येण्याची शक्यता अधिक आहे. एमएल-केईएम ही गुपित जुळवण्याची नवी पद्धत ऑगस्ट २०२४ मध्ये प्रमाणित झाली आणि तिला एक्स२५५१९ ची जोड देऊन ब्राउझर वापरूही लागले आहेत. किंमत अशी, की ब्राउझरच्या पहिल्या निरोपात ३२ बाइटांच्या जागी १,२१६ बाइट जातात.

---

पहारेकरी

त्या फुगलेल्या निरोपाचे दोन भाग होतात आणि वाटेतली काही जुनी उपकरणे दुसऱ्या भागाची वाट न पाहताच जोडणी तोडतात. आमच्याकडे ठरावीक मार्गावरच संकेतस्थळे उघडेनात, ते याचमुळे. जो संगणक अजून कोणी बांधलेला नाही त्याच्यासाठी आज ही डोकेदुखी का सोसावी, हे मला पटलेले नाही.

---

तारायंत्र

रहदारी आज साठवली जाते आणि उलगडणे नंतर होऊ शकते, एवढेच त्याचे उत्तर आहे. तुमची माहिती दहा-पंधरा वर्षांनी कोणी वाचली तर बिघडते का, यावर घाईची गरज ठरते. सह्यांच्या बाबतीत इतकी घाई नाही, कारण आजची जोडणी उद्या खोटी सही करून फसवता येत नाही.

---

चौकस

सर्वांचे आभार. फाइल शेवटी अशी पाठवली की ३२ यादृच्छिक बाइटांची किल्ली काढली, तिने छायाचित्र एईएस-जीसीएमने बंद केले आणि ती किल्ली ओएईपीसह आरएसएने बंद करून सोबत जोडली. ३२ बाइट १९० मध्ये सहज मावले.

पण वरची चर्चा वाचून नवा प्रश्न पडला. माझी ही पद्धत म्हणजे टीएलएसमधून काढून टाकलेला तोच जुना प्रकार नाही का? परिचितांची प्रायव्हेट की पुढे कधी फुटली, तर आजवर त्यांना पाठवलेल्या सगळ्या फाइली उघडतील.

---

तारायंत्र

होय, अगदी तोच प्रकार आहे. जोडणीच्या वेळी दोन्ही टोके जागी असतात, म्हणून दोघांनाही तात्पुरती संख्या निवडता येते. तुम्ही फाइल बंद करता तेव्हा समोरचे झोपलेले असू शकतात, त्यामुळे त्यांच्या बाजूने कायमची पब्लिक कीच वापरावी लागते. त्यांनी अनेक एकदाच वापरायच्या पब्लिक की आधीच तयार करून कुठेतरी ठेवल्या आणि वापरलेल्या कीची जोडीदार प्रायव्हेट की पुसून टाकली, तर ही उणीव बरीच भरून निघते. सिग्नलसारखी निरोपांची साधने साधारण असेच करतात. हाताने करायचे असेल, तर त्यांना सांगून दर काही महिन्यांनी नवी जोडी घ्यावी आणि जुनी प्रायव्हेट की खरोखर पुसावी.

आणखी एक गोष्ट तपासा. तुमच्या फाइलवर तुमची सही नाही. जीसीएमची खूण किल्ली बनवणाऱ्यानेच केलेली आहे आणि त्यांची पब्लिक की वापरून किल्ली कोणीही बनवू शकतो. छायाचित्र तुम्हीच पाठवले हे त्यांना कशावरून कळणार आहे?

---

चौकस

पाकीट त्यांना मिळाल्याचा निरोप नुकताच आला आहे. त्यांनीही हेच विचारले आहे. माझी पब्लिक की त्यांच्यापर्यंत खात्रीने कशी पोहोचवावी, यासाठी वेगळा धागा काढावा की इथेच लिहावे?

---

अबोली

फोनवर सांगावी.

---

तारायंत्र

या वेळी अबोलींशी सहमत आहे. कीचा हॅश फोनवर वाचून दाखवा. इथे गुपित असे काहीच नाही, त्यामुळे कोणी ऐकले तरी चालेल, फक्त आवाज तुमचाच आहे हे त्यांना ओळखता यायला हवे.